दोन लाइन घेतल्या, तरी शाखा बंद का पडते?

सहकारी बँकांच्या नेटवर्कच्या निविदांमध्ये एक ओळ वारंवार दिसते: ‘उपलब्धता किमान ९९.९९९ टक्के असावी.’ बोलण्यात तिला ‘फाइव्ह नाइन्स’ म्हणतात. निविदा लिहिणारा ती जुन्या निविदेतून उचलतो, भरणारा ‘मान्य’ असं लिहून मोकळा होतो आणि शाखेचा व्यवस्थापक पहिल्याच पावसाळ्यात चार तास हातानं पावत्या लिहीत बसतो. हा आकडा कशाचा बनतो, दोन लाइन घेतल्यावर तो किती वाढतो आणि वाढायचा कुठे थांबतो, हे शाळेतल्या गुणाकाराच्या बळावर काढता येतं. ते कसं काढायचं, ते या लेखात एका शाखेचं उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

आधी टक्क्यांची मिनिटं करून घ्या. वर्षाचे तास ८,७६० आणि मिनिटं ५,२५,६००. ९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटं आणि ९९.९९९ टक्के म्हणजे वर्षभरात अवघी सव्वापाच मिनिटं. महिन्यावर आणलं तर २६ सेकंद. यापुढे टक्के बाजूला ठेवून ‘वर्षाला बंद मिनिटं’ या एककातच विचार करा. ९९.९ आणि ९९.९९ डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात, पण ५२६ मिनिटं आणि ५३ मिनिटं सारखी दिसत नाहीत.

हा दर्जा अशक्य नाही, पण तो कसा मिळवला गेला ते पाहिलं म्हणजे त्याची किंमत कळते. अमेरिकेत १९६५ साली न्यू जर्सीमधल्या सुकासुना इथे बेल सिस्टिमचं ‘वन ईएसएस’ हे संगणकावर चालणारं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. संपूर्ण एक्स्चेंज ४० वर्षांत दोन तासांपेक्षा जास्त बंद राहू नये, असं त्याच्या रचनेचं उद्दिष्ट होतं. म्हणजे वर्षाला तीन मिनिटं, पाच नऊंच्याही थोडं पुढे. त्यासाठी प्रोसेसर दोन होते आणि ते एकमेकांशी उत्तरं पडताळत चालत. पण लक्षात घ्या, हे उद्दिष्ट एक्स्चेंजचं होतं. एक्स्चेंजपासून ग्राहकाच्या घरापर्यंत जाणारी तार एकच होती आणि ती या हिशेबात नव्हती. कोणाचीही उपलब्धता विचारताना ‘कुठून कुठपर्यंत?’ हा प्रश्न पहिला असतो तो यासाठीच.

आता आपली शाखा. तालुक्याच्या गावातली एका सहकारी बँकेची शाखा, तिचं डेटा सेंटर नवी मुंबईत. शाखेत एक राउटर, एक यूपीएस आणि एका कंपनीची फायबर लीज लाइन. काउंटरवरचा व्यवहार पूर्ण व्हायला शाखेची वीज, राउटर, लाइन आणि डेटा सेंटर हे चौघंही एकाच वेळी चालू हवेत. हीच एकसर जोडणी. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या शाखेचे आकडे तक्रारींच्या नोंदवहीतून आणि यूपीएसच्या लॉगमधून काढा, कंपनीच्या माहितीपत्रकातून नको.

प्रत्येक घटकाची उपलब्धता दोन गोष्टींवर ठरते: तो सरासरी किती वेळानं बिघडतो (एमटीबीएफ) आणि बिघडल्यावर सेवा परत यायला किती वेळ लागतो (एमटीटीआर).

```
A = MTBF / (MTBF + MTTR)
```

राउटरचा एमटीबीएफ एक लाख तास धरू, म्हणजे अकरा-साडेअकरा वर्षं. बिघडल्यावर नवा राउटर पुण्याहून दुसऱ्या दिवशी येतो, म्हणून एमटीटीआर २४ तास. उत्तर येतं ९९.९७६ टक्के, वर्षाला सरासरी १२६ मिनिटं बंद. सरासरी म्हणजे काय तेही नीट धरा. दरवर्षी दोन तास बंद पडेल असं नाही. दहा वर्षं काहीच होणार नाही आणि अकराव्या वर्षी पूर्ण दिवस जाईल. शंभर शाखा असलेल्या बँकेत मात्र दर वर्षी आठ-नऊ राउटर जाणारच, आणि तिथे हा आकडा अगदी खरा वाटू लागतो.

फायबर वर्षातून सहा वेळा तुटते आणि जोडायला दर वेळी सहा तास लागतात, असं धरू: ३६ तास, म्हणजे २,१६० मिनिटं. वीज यूपीएसच्या चार तासांना पुरून उरून दोन तास जास्त जाते, असं वर्षातून दोनदा होतं: २४० मिनिटं. डेटा सेंटर आणि त्यातली यंत्रणा मिळून ९९.९९ टक्के धरू: ५३ मिनिटं.

एकसर जोडणीत चारही उपलब्धतांचा गुणाकार करायचा. पण सगळे आकडे ९९ टक्क्यांच्या वर असतील तर बंद मिनिटांची नुसती बेरीज केली तरी चालतं. इथे दोन्ही रीतींच्या उत्तरांत दोन मिनिटांचाही फरक पडत नाही. २,१६० अधिक १२६ अधिक २४० अधिक ५३, म्हणजे २,५७९ मिनिटं. त्रेचाळीस तास, ९९.५१ टक्के. साखळीची उपलब्धता तिच्यातल्या सगळ्यात दुबळ्या घटकापेक्षाही कमीच येते. म्हणून एकसर रचनेत एखादा घटक उत्तम असून भागत नाही.

यातली ३६ तासांची फायबर उघडच मोठी आहे, म्हणून बँक दुसरी लाइन घेते. समजा दुसऱ्या कंपनीची आरएफ लिंक, म्हणजे छतावरच्या अँटेनापासून गावातल्या टॉवरपर्यंतचा रेडिओ दुवा. ती वर्षातून दहा वेळा, दर वेळी तीन तास बंद असते: ३० तास. समांतर जोडणीत सेवा तेव्हाच थांबते जेव्हा दोन्ही एकदम बंद असतात, म्हणून इथे बंद असण्याच्या प्रमाणांचा गुणाकार करायचा:

```
U = (36/8760) * (30/8760) = 0.000014
```

वर्षाच्या मिनिटांनी गुणलं की येतात ७.४ मिनिटं. दोन लाइन, एकटीचा कोणाचाच दर्जा तीन नऊंचाही नाही, आणि दोन्ही मिळून ९९.९९८६ टक्के, जवळपास पाच नऊ! निविदेतला ‘मान्य’ हा शब्द बहुधा याच ओळीवर उभा असतो. पण या ७.४ मिनिटांत अजून राउटर, वीज आणि डेटा सेंटर मिळवायचे आहेत. बेरीज ४२६ मिनिटं, सात तास, ९९.९१९ टक्के. दुसऱ्या लाइनीनं ४३ तासांचे सात केले, हा तिचा फायदा मोठाच आहे. तिसरी लाइन मात्र ४२६ मधून फार तर सात मिनिटं काढेल. अशा शाखेत तिसरी लाइन सुचवणाऱ्याला मी आधी यूपीएसची बॅटरी किती वर्षांची आहे ते विचारतो.

आणि ही ७.४ मिनिटंसुद्धा तीन अटींवर टिकून आहेत. दोन्ही लाइन एकाच कारणानं बंद पडू नयेत, एक पडल्यावर दुसरीवर जायला वेळ लागू नये, आणि दुसरी खरोखर जिवंत असावी. प्रत्यक्षात तिन्ही अटी मोडतात. त्यांतली पहिली सगळ्यात महाग पडते.

वरचा गुणाकार असं गृहीत धरतो की एका लाइनीच्या बिघाडाचा दुसरीशी काहीही संबंध नाही. आता आपल्याकडचं गाव डोळ्यासमोर आणा. गावात यायला नदीवर एकच पूल आहे. दोन्ही कंपन्यांच्या केबल त्याच पुलाच्या कठड्याखालच्या पाइपातून येतात, पुढे रस्त्याच्या एकाच बाजूच्या चरातून जातात, आणि रुंदीकरणाचा जेसीबी दोन्हींना एकाच घासात उचलतो. बिलं दोन कंपन्यांची, माती मात्र एकच. आरएफ लिंक घेतली म्हणून सुटका होते असंही नाही. टॉवरपर्यंत रेडिओ आहे, पण टॉवरच्या पुढचा प्रवास बहुतेक वेळा फायबरनंच होतो, आणि ती फायबर कदाचित त्याच पुलावरून जाते. वीज जास्त वेळ गेली की शाखेचं यूपीएस आणि टॉवरची बॅटरी यांचा शेवटही मागेपुढेच होतो.

हे दुर्मीळ नाही, आणि मोठ्या प्रमाणावरही घडलेलं आहे. २००१ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराखालच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी रुळांवरून घसरून आग लागली. त्या बोगद्यातून वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर केबल जात होत्या. त्या एकत्र जळाल्या. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या. दोन्हींचे मालक वेगळे, दोन्ही मुंबईला येणाऱ्या, आणि दोन्हींचा युरोपकडचा रस्ता त्याच किनाऱ्यावरून. भारताचं पश्चिमेकडचं इंटरनेट त्यानंतर कित्येक दिवस मंदावलं होतं.

हिशेबात हे धरायचं तर सामाईक बिघाडाला वेगळा घटक माना आणि त्याला एकसर जोडणीत ठेवा. दोन्ही लाइन एकदम तोडणारी घटना पाच वर्षांतून एकदाच होते आणि दुरुस्तीला सहा तास लागतात, इतकं सौम्य धरलं तरी वर्षाला सरासरी ७२ मिनिटं येतात. गुणाकारातून आलेल्या ७.४ मिनिटांच्या जवळपास दहापट! समांतर जोडणीचं गणित म्हणूनच मुख्यतः दोन लाइनींच्या दर्जाचं नसतं, त्यांच्यात काय सामाईक आहे याचं असतं.

हे जाणून घेण्याचा मार्ग एकच. दोन्ही कंपन्यांकडून केबलच्या मार्गाचा नकाशा मागायचा, केएमझेड फाइलच्या रूपात, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून गूगल अर्थवर पाहायचे. देता येत नाही असं उत्तर आलं तर कंपनीच्या लाइनमनबरोबर शाखेपासून पहिल्या एक्स्चेंजपर्यंत गाडीनं जा. पूल, रेल्वे फाटक आणि इमारतीत केबल शिरते ती जागा ही तीन ठिकाणं नीट बघा. दोन्ही मार्ग एकत्र येण्याची शक्यता तिथेच जास्त असते. आणखी एक प्रश्न लेखी विचारा: ‘तुमची शेवटच्या टप्प्यातली फायबर स्वतःची आहे की भाड्याची?’ दुसरी कंपनी पहिल्या कंपनीचीच फायबर भाड्यानं घेऊन तुम्हाला विकत असेल, तर तुम्ही एकाच लाइनीचं भाडं दोनदा भरत आहात.

इथे माझं एक ठाम मत आहे. दर्जानं कमी पण खरोखर वेगळी लाइन ही दर्जेदार पण त्याच चरातल्या लाइनीपेक्षा बरी. व्हीसॅट, म्हणजे उपग्रहावरून येणारी लाइन घ्या. समजा ती वर्षात ८७ तास बंद असते, ९९ टक्के. फायबरच्या ३६ तासांशी गुणाकार केला तर येतात २१ मिनिटं. चरातल्या त्या ७२ मिनिटांपेक्षा हे पुष्कळ कमी. व्हीसॅटला पूल लागत नाही. उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर असल्यानं उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, पण पैसे भरणं-काढणं तेवढ्यात निभावतं. मर्यादा एक आहे: मुसळधार पावसात तिचा सिग्नल खचतो, आणि फायबरही जास्त करून पावसाळ्यातच तुटते. त्या ऋतूपुरता दोन्ही बिघाडांचा संबंध जुळतो, म्हणून २१ चा आकडा थोडा वाढवूनच धरा.

दुसरी अट लाइन बदलण्याच्या वेळेची. फायबर तुटली की वाहतूक आरएफवर जावी हे काम राउटरचं. राउटरला लाइन तुटल्याचं कळतं तरी कसं? फायबर थेट राउटरात शिरत असेल तर प्रकाश गेल्याचं ताबडतोब कळतं. पण बऱ्याच शाखांत भिंतीवर एक मीडिया कन्व्हर्टर असतो. पुढे पाच किलोमीटरवर केबल तुटलेली असते, तरी कन्व्हर्टर आणि राउटर यांच्यातला हिरवा दिवा लुकलुकतच राहतो. मग राउटर बीजीपीच्या घड्याळावर विसंबतो. सिस्कोच्या राउटरवर बीजीपीचा होल्ड टाइम मुळात १८० सेकंद असतो. शेजाऱ्याकडून तीन मिनिटं काहीच आलं नाही, तेव्हा कुठे तो लाइन मेली असं ठरवतो. वर्षाला सहा तुटी, दर वेळी तीन मिनिटं: १८ मिनिटं. पाच नऊंची सव्वापाच मिनिटं दुसऱ्याच तुटीत संपली, आणि दोन्ही लाइन एकदम बंद पडण्याची वेळ अजून आलेलीही नाही.

यावर उपाय बीएफडीचा. दोन्ही टोकांचे राउटर एकमेकांना सतत लहान संदेश पाठवतात. लागोपाठ तीन चुकले की लाइन बंद.

```
interface GigabitEthernet0/0
 bfd interval 300 min_rx 300 multiplier 3
router bgp 65010
 neighbor 192.0.2.1 timers 10 30
 neighbor 192.0.2.1 fall-over bfd
```

३०० मिलिसेकंदांचे तीन संदेश, म्हणजे एक सेकंद व्हायच्या आत निदान. कंपनीच्या राउटरवरही बीएफडी चालू करून घ्यावं लागतं, म्हणून ते करारात लिहा. ते नाकारलं गेलं तरी `timers 10 30` मुळे तीन मिनिटांची निदान तीस सेकंद होतात. इतके घट्ट आकडे फायबरवरच ठेवा. आरएफ किंवा मोबाइल लाइनवर ठेवले तर पावसाच्या एखाद्या सरीत लाइन क्षणोक्षणी चालू-बंद ठरत राहते, आणि नुसत्या मंद लाइनीपेक्षा ते वाईट.

हा बदल अनुप्रयोगालाही सोसला पाहिजे. नेटवर्क एका सेकंदात वळलं, पण काउंटरवरचं सत्र तुटून कर्मचाऱ्याला पुन्हा लॉगिन करावं लागलं, तर ग्राहकाच्या लेखी ती दोन-चार मिनिटं बंदच होती. राउटरचा लॉग पाहून समाधान मानू नका. बदल होताना कोणीतरी काउंटरवर बसून पाहायला हवं.

तिसरी अट, दुसरी लाइन जिवंत असण्याची. वापरात नसलेली लाइन मेली तर कोणाचीच तक्रार येत नाही. वाऱ्यानं अँटेना फिरला, कोणी टॉवरकडची वायर काढून ठेवली, बिल थकलं म्हणून कंपनीनं लाइन तोडली. शाखा मात्र फायबरवर सुखानं चालू. समजा असा मुका बिघाड वर्षातून दोनदा होतो आणि तुम्ही दुसरी लाइन महिन्यातून एकदाच तपासता. प्रत्येक बिघाड सरासरी पंधरा दिवस लपून राहील. म्हणजे वर्षातले तीस दिवस दुसरी लाइन फक्त कागदावर. फायबरच्या ३६ तासांना तीस दिवसांच्या या प्रमाणानं गुणलं, तर ७.४ मिनिटांच्या जागी जवळजवळ तीन तास येतात. उपाय स्वस्त आहे: दुसऱ्या लाइनीवरूनच, वेगळ्या मार्गानं, दर मिनिटाला डेटा सेंटरला पिंग जाऊ द्या आणि तो थांबला की मुख्य कार्यालयात इशारा वाजू द्या. त्याशिवाय महिन्यातून एकदा, व्यवहार संपल्यावर, फायबर खरोखर काढून पाहा. नुसता पिंग लागतो आणि व्यवहार होत नाही, असं दुसऱ्या बाजूचे फायरवॉलचे नियम जुने राहिल्यानं होतं, आणि ते अशा चाचणीशिवाय दिसत नाही.

दोन्ही लाइन एकदम वापरून भार वाटून घेणाऱ्यांनी एवढंच पाहावं की एकटी लाइन सगळा भार पेलते का. दोन्ही सत्तर टक्के भरलेल्या असतील, तर एक गेल्यावर उरलेलीवर क्षमतेच्या १४० टक्के भार येतो. ती समांतर जोडणी नव्हेच. दोन्ही लागतात, म्हणून हिशेबात ती एकसर धरा.

आता सगळं मिळवून शाखेचा खरा आकडा काढू. दोन्ही लाइन योगायोगानं एकदम बंद ७, सामाईक बिघाड ७२, लाइन बदलण्याचा वेळ १८, राउटर १२६, वीज २४०, डेटा सेंटर ५३. एकूण ५१६ मिनिटं, ९९.९० टक्के. मुका बिघाड यात धरलेला नाही. पिंगचा इशारा पहिल्याच दिवशी लावला असं मानलं आहे.

पैसे कुठे घालायचे ते ही यादीच सांगते. पहिली वीज. अख्ख्या शाखेचं यूपीएस मोठं करण्यापेक्षा राउटर, कन्व्हर्टर, आरएफचं उपकरण आणि एका काउंटरचा संगणक एवढ्यांनाच वेगळी बॅटरी द्या. हा सगळा भार दीडशे वॉटच्या आसपास बसतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरीचं वय धरून त्यातले साठ टक्के मोजा, तरी सात तास निघतात. आपली सहा तासांची वीजकपात त्यात बसली. उरलेल्या एखाद्या लांब खंडापोटी वर्षाला ३० मिनिटं ठेवू.

दुसरं, राउटर. इथे आणखी एक राउटर जोडून समांतर रचना करण्याची घाई नको. फक्त एक जादा राउटर, शाखेची सेटिंग आधीच भरून, कपाटात ठेवा आणि कोणती वायर कुठे लावायची याचं चित्र त्यावर चिकटवा. एमटीटीआर २४ तासांवरून दोन तासांवर येतो आणि १२६ मिनिटांची ११ होतात. उपलब्धता वाढवायची म्हणजे उपकरणं जोडायची, असाच विचार सवयीनं होतो; दुरुस्तीचा वेळ कापणं तेवढंच परिणामकारक आणि कितीतरी स्वस्त असतं. एकच काळजी: चालू राउटरची सेटिंग बदलली की कपाटातल्या राउटरचीही त्याच दिवशी बदला.

तिसरं, सामाईक मार्ग. आरएफच्या टॉवरची फायबर दुसऱ्या रस्त्यानं येते अशी कंपनी निवडली आणि दोन्ही एकदम तुटण्याची घटना वीस वर्षांतून एकदा इतकी विरळ झाली, तर ७२ ची १८ होतात. लाइन बदलण्याच्या वेळेचं बीएफडीनं एक मिनिट उरलं असं धरू.

नवी बेरीज: ७, १८, १, ११, ३० आणि ५३. एकशे वीस मिनिटं, ९९.९७७ टक्के. आता सगळ्यात मोठा तुकडा डेटा सेंटरचा आहे, आणि बाकी सगळं शून्यावर आणलं तरी त्याची ५३ मिनिटं शाखेला चार नऊंच्या पुढे जाऊ देत नाहीत. पाच नऊ हवेच असतील, तर दोन शहरांत दोन डेटा सेंटर, दोन्हीकडे एकाच क्षणाचा डेटा आणि आपोआप होणारा बदल, आणि शिवाय शाखेतली विजेची ३० मिनिटं शून्यावर आणणारा जनरेटर लागेल, आणि तरीही लाइन व राउटरची मिनिटं आणखी कापावी लागतील. इतका खर्च एटीएम किंवा यूपीआयच्या केंद्रीय स्विचसाठी समर्थनीय आहे. तालुक्याच्या शाखेसाठी मी ९९.९५ टक्के लिहीन, म्हणजे वर्षाला चार तास तेवीस मिनिटं. हिशेबातल्या दोन तासांच्या दुप्पट जागा ठेवतो, कारण माझी गृहीतं चुकू शकतात आणि जेसीबी सरासरी पाहून येत नाही.

निविदेत ही ओळ लिहिताना आकड्याबरोबर मोजणीही लिहा. कुठून कुठपर्यंत: काउंटरच्या संगणकापासून डेटा सेंटरमधल्या कोअर बँकिंगच्या सर्व्हरपर्यंत. दर किती वेळानं: तीस सेकंदांनी. पाच मिनिटांनी एकदा तपासणाऱ्या यंत्रणेला तीन मिनिटांचा बंद दिसेलच असं नाही, मग तिच्या अहवालातल्या पाच नऊंना काय आधार? ‘चालू’ कशाला म्हणायचं: पंचवीस टक्के पॅकेट गळत असतील तर तोही बंद काळच. बंद काळ केव्हापासून: तक्रार नोंदवली तेव्हापासून नव्हे, मोजणी यंत्रणेनं पाहिला तेव्हापासून. नियोजित देखभाल वगळायची असेल, तर किती तास, कोणत्या वेळी आणि किती दिवस आधी कळवून, हे ठरवा. नाहीतर दिवसाढवळ्या पडलेली लाइनही ‘नियोजित’ या सदरात जाते. आणि कालावधी नुसता वार्षिक ठेवू नका. ९९.९५ टक्के वर्षावर मोजले तर ते चार तास तेवीस मिनिटं सलग, महिन्याच्या पगाराच्या दिवशी, जाऊ शकतात आणि तरी करार पाळला गेलेला असतो. म्हणून सोबत दुसरी मर्यादा घाला: कामकाजाच्या वेळेत एका वेळचा बंद एक तासाहून जास्त नको. लाइन पुरवणाऱ्याशी मात्र त्याच्या एकट्या लाइनीचाच करार करा, ९९.५ टक्क्यांचा आणि तुटल्यावर चार तासांत जोडून देण्याचा. संपूर्ण साखळीच्या आकड्याची जबाबदारी बँकेच्या आयटी विभागाकडे ठेवा, कारण पूल, बॅटरी आणि कपाटातला राउटर हे तिघंही एकत्र फक्त त्यालाच दिसतात.